दहापैकी आठ म्हणजे किती टक्के? रेझ्युमे चाळण्याआधी गुण एका मापात कसे आणायचे

२०१९ च्या पावसाळ्यात मी अंधेरीच्या एका ऑफिसात एचआरमध्ये नवी होते. ट्रेनी इंजिनिअरच्या जागा निघाल्या होत्या, अट होती पदवीला ७० टक्क्यांची आणि माझ्या टेबलावर रेझ्युमेंचा गठ्ठा पडला होता. कोणी टक्के लिहिले होते, कोणी सीजीपीए, कोणी सीजीपीआय, तर कोणी नुसतंच ‘फर्स्ट क्लास’. माझी चुलत बहीण सीबीएसईची, त्यामुळे ‘सीजीपीएला ९.५ ने गुणायचं’ एवढं एकच सूत्र माझ्या डोक्यात पक्कं होतं. एक्सेलमध्ये एक कॉलम केला, सगळ्यांना ९.५ ने गुणलं आणि संध्याकाळी पावणेसातची लोकल पकडली.

महिनाभराने निवड झालेली एक मुलगी कागदपत्रं घेऊन आली. मुंबई विद्यापीठाची इंजिनिअर, सीजीपीआय ८.१. माझ्या तक्त्यात तिच्या नावापुढे ७६.९५ टक्के होते. तिच्या कॉलेजच्या पत्रावर होते ६८.५१. माझ्या वरिष्ठांनी तिला विचारलं, "रेझ्युमेत जास्त टक्के का लिहिलेस?" ती म्हणाली, "मॅडम, मी टक्के लिहिलेच नव्हते." खरंच नव्हते. टक्के मी काढले होते. तिला रुजू करून घेतलं, पण त्याच तक्त्यामुळे ज्यांना बोलावलंच नाही, त्यांचं काय झालं हे आम्ही कधी पाहिलं नाही.

तुम्ही आत्ता अशाच गठ्ठ्यासमोर बसला असाल, तर ज्या क्रमाने मी आता काम करते तो क्रम पुढे देते आहे. उदाहरणं मुद्दाम इंजिनिअरिंगची घेतली आहेत, कारण घोळ तिथेच सगळ्यात जास्त होतो.

आधी नुसतं उतरवा, गुणू नका

पहिल्या फेरीत कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. प्रत्येक उमेदवारापुढे चार गोष्टी लिहा: आकडा जसा आहे तसा, तो कितीपैकी आहे, कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आहे आणि कोणत्या साली प्रवेश घेतलेल्या तुकडीचा आहे. मूळ आकड्याचा कॉलम पुढे कधीही पुसायचा नाही. हिशेब बदलला तरी तो आकडा तसाच राहिला पाहिजे, नाहीतर चूक कुठे झाली हे शोधायला काही उरत नाही.

‘कितीपैकी’ हा रकाना नवे लोक हमखास सोडतात. मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेच्या काही जुन्या गुणपत्रिका सातच्या श्रेणीवर आहेत. ५.८ असा आकडा दिसला की आपण मनातल्या मनात ‘अठ्ठावन्न टक्के’ म्हणतो आणि रेझ्युमे खाली सरकवतो. पण तो आकडा सातपैकी असेल तर माणूस प्रथम वर्गाचा निघतो. हिशेब पुढे करून दाखवते.

आकडा कशाचा आहे तेही याच फेरीत पाहून घ्या. मुंबईत एका सत्राचा आकडा एसजीपीआय असतो आणि सगळ्या सत्रांचा मिळून सीजीपीआय. काही मुलं शेवटच्या सत्राचा चांगला आकडा ठळक टाइपात लिहितात. लबाडीच असते असं नाही, पुष्कळांना फरकच माहीत नसतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांच्या बेरजेत पहिलं वर्ष नसतं, तेही शेरा म्हणून लिहून ठेवा. एमएचटी-सीईटी किंवा जेईईचे पर्सेंटाइल ‘%’ चिन्ह लावून लिहिलेले आढळले तर ते गुणांच्या कॉलममध्ये अजिबात घेऊ नका. ९२ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या ९२ जणांइतके किंवा त्यांच्याहून जास्त गुण. पेपरात किती टक्के मिळाले हे त्यातून कळत नाही.

गुणपत्रिका उलटी करा: दहा कुठे सुरू होतो?

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात राहिली, तर ही राहू दे. सीजीपीए हा टक्क्यांना दहाने भागून आलेला आकडा नसतो. आधी प्रत्येक विषयाचे गुण एका पट्ट्यात बसवतात, त्या पट्ट्याला श्रेणीगुण देतात आणि मग श्रेयांकांच्या वजनाने त्यांची सरासरी काढतात. पट्टे प्रत्येक विद्यापीठाने आपापले आखलेले असतात. ते बहुतेक वेळा गुणपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात छापलेले असतात.

सीबीएसईच्या दहावीला जेव्हा सीजीपीए होता, तेव्हा ९१ ते १०० गुणांना १० श्रेणीगुण मिळत. त्या पट्ट्यातल्या मुलांचे सरासरी गुण ९५ च्या घरात होते, म्हणून मंडळाने दहाच्या श्रेणीला ९.५ चा गुणक दिला. ९.५ चा जन्म तिथला. त्या परीक्षेच्या बाहेर त्याला काही अर्थ नाही.

मुंबईच्या इंजिनिअरिंगच्या श्रेणी-पद्धतीत १० श्रेणीगुण ८० लाच सुरू होत. ७५ ते ८० ला ९, ७० ते ७५ ला ८, ६० ते ७० ला ७. म्हणजे ८१ मिळवणाराही दहा आणि ९६ मिळवणाराही दहा. अशा दहाला ९.५ ने गुणलं तर ८१ वाल्याला आपण फुकटात ९५ वर नेऊन बसवतो. म्हणूनच त्या अभ्यासक्रमाचं सूत्र ७.१ × सीजीपीआय + ११ असं होतं. पूर्ण दहा सीजीपीआयलाही त्यातून ८२ टक्केच येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. पट्टे पाहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

आता ते सातपैकी ५.८ घ्या. त्या सातच्या श्रेणीत ७० च्या वर ७ श्रेणीगुण, ६० ते ७० ला ६ आणि ५५ ते ६० ला ५. सहाच्या पट्ट्याचा मध्य ६५, पाचच्या पट्ट्याचा ५७.५. ५.८ हा पाच ते सहा या अंतराच्या दहापैकी आठ भाग पुढे आहे, म्हणून ५७.५ मध्ये साडेसातचे आठ दशांश, म्हणजे ६ मिळवा. आले ६३.५. नुसतं सातने भागून शंभरने गुणलं असतं तर जवळजवळ ८३ आले असते आणि दहापैकी समजलं असतं तर ५८. एकाच माणसाचे तीन आकडे, त्यातला मधला खरा. पट्ट्यांच्या मध्यावरून टक्के काढायची ही रीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोणतं सूत्र आधी, कोणतं नंतर

सूत्र निवडताना मी पायऱ्या उतरत जाते. वरच्या पायरीवर काम झालं की खाली जायचं नाही.

सगळ्यात वर उमेदवाराच्या स्वतःच्या विद्यापीठाचं सूत्र, तेही त्याच्या तुकडीचं. ते गुणपत्रिकेवर, परिपत्रकात किंवा कॉलेजने दिलेल्या रूपांतराच्या पत्रात असतं. तुकडी म्हणते त्याला कारण आहे. अभ्यासक्रम बदलला की सूत्रही बदलतं. मुंबईचंच वर दिलेलं सूत्र २०१२ च्या अभ्यासक्रमाचं आहे, पुढच्या अभ्यासक्रमाला ते लावू नका. बेळगावला मुख्यालय असलेल्या व्हीटीयूने आपल्या श्रेयांक पद्धतीच्या पहिल्या तुकड्यांना सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणायला सांगितलं होतं. कोल्हापूर-सांगलीकडची बरीच मुलं सीमेपलीकडच्या त्या कॉलेजांत शिकतात आणि नोकरीला मुंबईत येतात, त्यामुळे हे सूत्र आपल्याकडे वारंवार भेटतं.

विद्यापीठाचं सूत्र नसेल, पण पट्टे छापलेले असतील, तर वर दाखवल्याप्रमाणे मध्य घ्या. दहा-दहा गुणांचे सरळ पट्टे असतील, म्हणजे ९० पासून दहा, ८० पासून नऊ असे, तर हिशेब सोपा होतो: सातचा पट्टा ६० ते ७०, त्याचा मध्य ६५, म्हणजे सातातून अर्धा वजा करून दहाने गुणल्यासारखंच. एआयसीटीईच्या तक्त्यात मात्र अर्ध्याऐवजी पाऊण वजा करून दहाने गुणलेलं दिसतं, व्हीटीयूच्या सूत्रासारखंच. तिथे ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६० आणि ८.२५ ला ७५ धरले आहेत.

सूत्रही नाही आणि पट्टेही नाहीत, अशा वेळी मिळालेला सीजीपीए कमाल सीजीपीएने भागून शंभरने गुणायचा. कॅटच्या अर्जात आयआयएम हेच करतात, आणि तेही विद्यापीठाची स्वतःची पद्धत नसेल तेव्हाच. ही शेवटची पायरी आहे, कारण ती जवळजवळ नेहमी उमेदवाराच्या बाजूने झुकते. हा आकडा तक्त्यात वेगळ्या रंगात ठेवा.

चौघांचा हिशेब

माझ्या त्या गठ्ठ्यातले चार रेझ्युमे घेऊ. एक वर सांगितलेली मुंबईची मुलगी, सीजीपीआय ८.१. दुसरा व्हीटीयूचा मुलगा, ७.६. तिसऱ्याचं विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं, ७.१, सूत्र दिलेलं नाही पण मागे दहा-दहाचे पट्टे छापलेले. चौथीच्या विद्यापीठात तेव्हाही साधे टक्के होते, ६६.

माझ्या ९.५ च्या हिशेबाने ते असे लागले होते: मुंबई ७६.९५, व्हीटीयू ७२.२, तिसरा ६७.४५, चौथी ६६. सत्तरची रेघ मारली आणि दोघं आत, दोघं बाहेर. पहिल्या आणि चौथीत जवळजवळ अकरा टक्क्यांचं अंतर.

आता ज्याचं सूत्र त्याला लावू. तक्त्यात सीजीपीए C कॉलममध्ये आहे असं धरा.

```
=7.1*C2+11
=(C3-0.75)*10
=(C4-0.5)*10
=C5
```

मुंबईच्या मुलीचे ६८.५१. व्हीटीयूच्या मुलाचे ६८.५. ८.१ आणि ७.६ हे आकडे शेजारी ठेवले की अर्ध्या श्रेणीगुणाचा फरक दिसतो, पण आपापल्या विद्यापीठाच्या हिशेबाने दोघं एकाच जागी उभे आहेत. तिसऱ्याचे ६६. चौथीचे आहेत तेच ६६. अकरा टक्क्यांचं अंतर अडीचवर आलं. चौघांपैकी एकही सत्तरच्या वर नाही. आमची अट मुळात कोणीच पूर्ण केली नव्हती आणि आम्ही मात्र त्यातून दोन ‘पात्र’ उमेदवार काढले होते.

शेवटच्या पायरीचं सूत्र तिसऱ्याला लावून पाहा: ७.१ भागिले १०, म्हणजे ७१. तो एकटाच रेघेच्या वर जातो! उलट मुंबईच्या मुलीला सूत्राऐवजी पट्ट्यांच्या मध्याने मोजलं तर तिचे ७३ च्या आसपास येतात. एकाच गुणपत्रिकेचे दोन प्रामाणिक मार्गांनी साडेचार टक्के इकडे-तिकडे. तरी मी विद्यापीठाचंच सूत्र धरते, कारण उद्या कागदपत्रं तपासताना समोर येणारा आकडा तोच असतो. पण या साडेचार टक्क्यांमुळे पुढची पायरी आपोआप ठरते.

दशांशावर भांडू नका, गट करा

रूपांतर केलेल्या आकड्याला दोन दशांश असले तरी त्यात तेवढी बारकाई नसते. श्रेणी देतानाच विषयातले गुण पट्ट्यात विरघळून गेलेले असतात. ७०.१ चा आणि ७४.९ चा श्रेणीगुण एकच, आठ. तो फरक कोणत्याही सूत्राने परत मिळत नाही. म्हणून मी पाच-पाच टक्क्यांचे गट करते आणि एका गटातल्या उमेदवारांना गुणांच्या बाबतीत सारखं समजते. वरचे चौघं ६५ ते ७० या एकाच गटात येतात. त्यांच्यातली निवड प्रोजेक्ट, चाचणी, मुलाखत यावर झाली पाहिजे.

गटाच्या कडेवर जो असेल, समजा ६४.६, त्याला दुसऱ्या मार्गानेही मोजून पाहा. दुसरा मार्ग त्याला वरच्या गटात नेत असेल तर वर घ्या. मात्र हा नियम गठ्ठा उघडण्याआधी लिहून ठेवा आणि सगळ्यांना लावा. नावं पाहून झाल्यावर केलेल्या नियमाला काही किंमत नसते. आणि ५९.६ चे ६० करायचे की नाहीत, हा प्रश्न तर प्रत्येक ऑफिसात दर भरतीला नव्याने निघतो. एकदाच काय ते ठरवून टाका.

दहावी-बारावीचे खड्डे

इथे सूत्रापेक्षा कोणते विषय मोजले याचाच घोळ मोठा. राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच धरून ५०० पैकी टक्केवारी निघते. शिवाय खेळ किंवा कला यांचे वाढीव गुण त्यात असू शकतात, शंभर टक्क्यांच्या बातम्या येतात त्या बऱ्याचदा यामुळेच. सीबीएसई गुणपत्रिकेवर एकूण टक्केवारी देतच नाही. पाचपेक्षा जास्त विषय असतील तर कोणते पाच धरायचे हे प्रवेश देणाऱ्या संस्थेने किंवा नोकरी देणाऱ्याने ठरवावं, असं मंडळाचं म्हणणं आहे. म्हणजे सीबीएसईच्या मुलाने रेझ्युमेत लिहिलेले टक्के त्याने स्वतः काढलेले असतात, आणि कोणी पाचांचे काढतो तर कोणी सहांचे. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच: विषयवार गुण मागवा आणि सगळ्यांचे सर्वोत्तम पाच स्वतः मोजा.

२०१० ते २०१७ या काळातल्या सीबीएसई दहावीच्या सीजीपीएला ९.५ लावा, तिथे तो बरोबर आहे. २०१८ पासून दहावीला पुन्हा गुण आले. २०२१ ची तुकडी मात्र वेगळी ठेवा. त्या वर्षी करोनामुळे लेखी परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागले. राज्यात दहावीचा निकाल ९९.९५ टक्के आणि बारावीचा ९९.६३ टक्के होता. त्या मुलांचे ९० टक्के आणि २०१९ च्या मुलांचे ९० टक्के एका रांगेत लावायला कोणतंही सूत्र नाही. त्यांच्यासाठी बारावीचा रकाना रिकामा ठेवून पदवीकडे पाहणं मला जास्त न्याय्य वाटतं.

जे रूपांतर करूच नये

काही आकडे टक्क्यांत आणले की त्यांचा अर्थच जातो. आयआयटीसारख्या ज्या संस्थांत वर्गातल्या इतरांच्या तुलनेत श्रेणी देतात, तिथे आठ श्रेणीगुणाच्या मागे ठरलेला ७० ते ८० असा पट्टा नसतो. एखाद्या अवघड पेपराला ५५ गुणांवरही वरची श्रेणी मिळू शकते. अशा उमेदवाराचा सीपीआय तसाच ठेवा आणि जमल्यास वर्गातला क्रमांक विचारा. अर्ज भरण्यापुरते टक्के लागतातच, तर संस्थेने दिलेला आकडा लिहा आणि शेऱ्यात ‘सापेक्ष श्रेणी’ एवढं नोंदवा.

सीएचंही तसंच. तिथे प्रत्येक पेपरला ४० आणि गटात एकूण ५० टक्के मिळाले की उत्तीर्ण. अकाउंट्सच्या जागेसाठी रेझ्युमे चाळताना ५४ टक्क्यांची सीए आणि ७८ टक्क्यांचा बीकॉम एकाच कॉलममध्ये उतरत्या क्रमाने लावलेले मी स्वतः पाहिले आहेत. सीए खाली गेली होती. एक्सेलला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

केटीचा प्रश्न नेहमी विचारला जातो. नापास विषय नंतर सुटला तर सीजीपीआयमध्ये नवा श्रेणीगुण येतो आणि जुना प्रयत्न त्या आकड्यातून दिसत नाही. तुमच्या जागेसाठी ते महत्त्वाचं असेल तर सत्रवार गुणपत्रिका मागवा. सीजीपीआयमधून अंदाजाने गुण कापू नका.

जाहिरातीतलं वाक्य

यातला निम्मा त्रास जाहिरात लिहितानाच वाचतो. ‘किमान ६० टक्के किंवा ६ सीजीपीए’ असं वाक्य मुंबईतल्या कितीतरी जाहिरातींत असतं. वरच्या सूत्रांनी पाहिलं तर ६ सीजीपीए म्हणजे मुंबईच्या जुन्या अभ्यासक्रमाला ५३.६ आणि व्हीटीयूला ५२.५. म्हणजे टक्केवाल्याला एक फाटक आणि सीजीपीएवाल्याला दुसरं, बरंच बुटकं. मी आता असं लिहिते: ‘पदवीला किमान ६० टक्के. सीजीपीए असल्यास आपल्या विद्यापीठाच्या सूत्राने काढलेले टक्के लिहावेत आणि सूत्र असलेलं पान जोडावं. विद्यापीठाचं सूत्र नसल्यास फक्त सीजीपीए, तो कितीपैकी आहे ते आणि गुणपत्रिकेची मागची बाजू पाठवावी.’

मागची बाजू हा शब्द ठळक करा. दहातले निदान चार जण तरीही फक्त पुढची स्कॅन करून पाठवतात.